श्रीलंकेतील कर्मचाऱ्यांसाठी सिंहल नववर्षाचे शुभेच्छापत्र कसे तयार करावे

कोलंबोजवळच्या बियगम येथील एका पॅकेजिंग कारखान्याचे मनुष्यबळ खाते मी गेली काही वर्षे सांभाळतो. कारखान्यात सुमारे १४० माणसे आहेत, त्यांत बहुसंख्य सिंहल, पंचवीसेक तमिळ आणि काही मुस्लिम कुटुंबांतील आहेत. मुख्य कार्यालय पुण्यात आहे. मी येथे आलो त्या पहिल्याच वर्षी पुण्याहून १४ एप्रिलच्या मध्यरात्री ठीक बारा वाजता सर्वांना एक देखणे शुभेच्छापत्र ईमेलने गेले. त्यावर दिवाळीच्या पणत्या होत्या, मजकूर फक्त सिंहल लोकांना उद्देशून होता आणि खाली वर्षाचा आकडा घालून जानेवारीसारखे अभिनंदन केलेले होते. कोणी तक्रार केली नाही. फक्त सुट्टीनंतर एका तमिळ पर्यवेक्षकाने मला शांतपणे विचारले, की पत्र आमच्यासाठीही होते का. तेव्हापासून हे पत्र मी मार्चमध्येच हातात घेतो. पुढील मार्गदर्शन त्याच अनुभवातून लिहिले आहे.

आधी वेळ समजून घ्यावी

सूर्य मीन राशीतून मेष राशीत जातो त्या क्षणी हे नववर्ष लागते. गुढीपाडवा चांद्र पंचांगाने मागेपुढे सरकतो, तसे येथे होत नाही, हा सण दरवर्षी १३-१४ एप्रिलच्या सुमारासच येतो आणि दोन दिवस सार्वजनिक सुट्टी असते. मात्र वर्ष मध्यरात्री बदलत नाही. सूर्यसंक्रमणाचा क्षण ज्योतिषी काढतात, आणि त्या क्षणाच्या आधीचे सहा तास चोवीस मिनिटे व नंतरचे तितकेच मिळून १२ तास ४८ मिनिटांचा एक संधिकाळ ठरतो. त्याला पुण्यकालय किंवा बोलीत नोनगते म्हणतात. या काळाच्या पहिल्या भागात चूल पेटत नाही, खाणेपिणे होत नाही, कामाला हात लावला जात नाही, लोक विहारात किंवा देवळात जातात. दुसऱ्या भागात, नवे वर्ष लागल्यानंतर, ठरलेल्या नॅकतावर, म्हणजे मुहूर्तावर, चूल पेटवणे, काम सुरू करणे, पहिली देवघेव आणि पहिला घास हे क्रमाने होते.

२०२४ मध्ये नवे वर्ष १३ एप्रिलला रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी लागले, तर २०२५ मध्ये १४ एप्रिलला पहाटे ३ वाजून २१ मिनिटांनी. हिशेब करून पाहिला तर दोन्ही वर्षी मध्यरात्रीचे बारा याच संधिकाळात पडतात. म्हणजे आपोआप सुटणारे ईमेल पहिल्या वर्षी नवे वर्ष लागून तीन तास झाल्यावर, पण काम थांबलेले असताना गेले असते, आणि दुसऱ्या वर्षी चक्क जुन्या वर्षात गेले असते. म्हणून पहिली पायरी अशी, की त्या वर्षीचा नॅकत सीट्टुव, म्हणजे मुहूर्तांचा तक्ता, हाती आल्याशिवाय पाठवण्याची वेळ ठरवू नये, आणि संधिकाळात कंपनीकडून काहीही पाठवू नये.

माझ्या मते पत्र सणाच्या दिवशी पाठवूच नये. बियगम किंवा कटुनायक भागातील कामगार सणासाठी गावी जातात, बहुतेक कारखाने जवळजवळ आठवडाभर बंद असतात, आणि कोलंबोच्या पेट्टा बसस्थानकावर १० तारखेपासूनच पाय ठेवायला जागा नसते. पत्र शेवटच्या कामाच्या दिवशी, पगाराची पावती मिळते त्याच वेळी, छापील स्वरूपात हातात द्यावे. ते घरी जाते, आईवडिलांना दाखवले जाते आणि भिंतीवर किंवा कपाटावर राहते. ईमेल कार्यालयात बसणाऱ्या तीस जणांपर्यंत पोहोचते, यंत्रावरच्या शंभर जणांपर्यंत नाही. येथे मराठी मुख्य कार्यालयांसाठी एक अडचण आहे. १४ एप्रिलला महाराष्ट्रात डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, आणि त्या आठवड्यात वरिष्ठांची सही मिळवणे कठीण जाते. मी सहीसाठी मार्चअखेरची तारीख धरतो.

मायना, आणि सणाचे नाव

श्रीलंकेत या सणाचे नाव सिंहल आणि तमिळ नववर्ष असे आहे, आणि पत्रात ते तसेच लिहावे. सिंहलमध्ये ते ‘सिंहल हा देमळ अलुत् अवुरुद्द’ होते, यातील ‘हा’ म्हणजे ‘आणि’. तमिळ कर्मचारी कमी आहेत म्हणून नाव कापणे ही या पत्रातील सर्वांत महागडी चूक आहे. १९५६ साली एकट्या सिंहलला राजभाषा करण्यात आले, आणि तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने मिळाला. त्यामुळे कोणती भाषा कागदावर आहे आणि कोणती नाही, हे येथे लोक लगेच पाहतात. पत्र सिंहल, तमिळ आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असावे आणि तिन्ही मजकुरांचा अक्षरांचा आकार सारखा असावा. तमिळ मजकूर हा सिंहल मजकुराचा शब्दशः अनुवाद नसावा; तो तमिळ सहकाऱ्याने स्वतंत्रपणे लिहावा आणि ‘इनिय पुत्ताण्डु नल्वाळ्त्तुक्कळ्’ या नेहमीच्या वाक्याने संपवावा.

मुस्लिम आणि काही ख्रिस्ती सहकारी हा सण घरी साजरा करत नाहीत, तरी सुट्टी आणि आनंद त्यांच्याही वाट्याला येतो. त्यांच्यासाठी वेगळे पत्र काढल्यास ते उलट वेगळे पाडल्यासारखे दिसते. पत्रातील धार्मिक विधींची वर्णने कमी ठेवली आणि ऋतू, घर, कुटुंब यांवर भर दिला, की एकच पत्र सर्वांना चालते.

सिंहल शब्द: ओळखीचे वाटतात, तेथेच सांभाळावे

सिंहल ही भाषा संस्कृत आणि पाली शब्दांनी भरलेली आहे. तिच्या लिपीत मराठीसारखे ‘ळ’ हे अक्षर आहे आणि ‘ॲ’ हा स्वरही आहे. त्यामुळे मराठी माणसाला मसुदा वाचताना आपल्याला सगळे कळते आहे असे वाटते, आणि तेथेच तो फसतो. आमच्या पुण्याच्या कार्यालयाने एकदा मसुद्यातील ‘आदरणीय’ हा शब्द फार औपचारिक आहे म्हणून काढायला सांगितला. सिंहलमध्ये ‘आदरय’ म्हणजे प्रेम, आणि ‘आदरणीय’ म्हणजे प्रिय किंवा लाडका. तो शब्द अधिक जवळिकीचा होता! कंपनीच्या पत्रासाठी आम्ही शेवटी ‘हितवत्’ हा शब्द ठरवला, कारण त्यात स्नेह आहे आणि सलगी नाही. ‘स्तुतिय’ म्हणजे प्रशंसा नसून आभार. ‘अध्यक्ष’ म्हणजे संचालक, आणि ‘अध्यक्ष मण्डलय’ म्हणजे संचालक मंडळ. आपल्या अर्थाच्या अध्यक्षाला ‘सभापति’ म्हणतात. सहीच्या खाली हे पद उलटसुलट झाले, तर एखादा संचालक अचानक कंपनीचा प्रमुख ठरतो. ‘सौभाग्यय’ हा शब्द मराठी कानाला विवाहित स्त्रीपुरता वाटतो, तेथे मात्र तो सर्वांसाठी भरभराट या अर्थाने येतो आणि या सणाच्या पत्रात तो हमखास असतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे. सिंहलमध्ये लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांत मोठे अंतर आहे. ग्रांथिक भाषेत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते: एकटा माणूस ‘पतमि’, म्हणजे ‘मी इच्छितो’, असे लिहितो, आणि अनेकजण ‘पतमु’, म्हणजे ‘आम्ही इच्छितो’. बोलीत दोन्हीला ‘पतनवा’ हाच शब्द चालतो. म्हणून पत्र कोणाच्या नावाने जाणार आहे ते आधी ठरवावे. व्यवस्थापनाच्या वतीने जात असेल तर शेवटपर्यंत ‘पतमु’ ठेवावे. एकट्या प्रमुखाच्या सहीने जात असेल तर ‘पतमि’. दोन मसुदे जोडून पत्र तयार होते तेव्हा पहिल्या परिच्छेदात ‘पतमु’ आणि शेवटी ‘पतमि’ येते. परक्याला हे कळत नाही, पण शाळेत सिंहल शिकलेल्या प्रत्येकाला ते खटकते. वाचकाला ‘ओब’, म्हणजे ‘आपण’, म्हणावे आणि सर्वांना ‘ओब सॅम’. ‘ओया’ हे जवळच्या माणसांतले संबोधन आहे, ते पत्रात येऊ देऊ नये. शुभेच्छेचे मुख्य वाक्य ‘सुभ अलुत् अवुरुद्दक् वेवा’ असे आहे. यातील ‘वेवा’ म्हणजे ‘होवो’, आणि ‘अवुरुद्दक्’च्या शेवटी असलेला ‘क्’ हा ‘एक’ या अर्थाचा प्रत्यय आहे. ‘सुभ’ आणि ‘सुब’ अशी दोन्ही लेखने दिसतात. एक निवडून सगळीकडे तेच ठेवावे, एवढे पुरे.

मसुदा: एक पत्र जुळवताना

पत्र सिंहलमध्ये सव्वाशे ते दीडशे शब्दांचे असावे. रचनेत तीन गोष्टी लागतात: ऋतूची एक ओळ, सरलेल्या वर्षाविषयी एक खरी गोष्ट आणि शुभेच्छा. पहिल्या आणि तिसऱ्या भागाची वाक्ये ठरीव असतात आणि ती ठरीवच ठेवावीत, कारण ती ऐकण्याची लोकांना सवय आहे. कस लागतो तो मधल्या भागात.

पहिली ओळ आम्ही अशी घेतो: ‘सूर्यया मीन राशियेन् मेष राशियट संक्रमणय वन मे मोहोते’, म्हणजे सूर्य मीनेतून मेषेत जात असलेल्या या क्षणी. त्याला जोडून ऋतूची एखादी खूण येते. येथे कोकिळेला ‘कोहा’ म्हणतात, आणि अवुरुद्दच्या सुमारास फुलणारा लाल ‘एरबदु’ म्हणजे आपला पांगाराच. कोकणातल्या माणसाला हे दोन्ही ओळखीचे आहे, आणि मला ही ओळ लिहिताना दरवेळी गावची आठवण येते. पण दोन खुणा पुरेत. कोहा, एरबदु, रबान वाद्य, झोपाळा, काजूची बोंडे असे सगळे एकाच वाक्यात आले, की पत्र शाळेतल्या निबंधासारखे वाटू लागते.

मधल्या भागासाठी मी प्रत्येक विभागप्रमुखाला एकच प्रश्न विचारतो: गेल्या वर्षी तुमच्या माणसांनी केलेली अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही घरी सांगितलीत? एका वर्षी उत्तर मिळाले, की जूनच्या पावसात केळणी नदीचे पाणी आवारात येऊ लागले तेव्हा दुसऱ्या पाळीच्या अठरा जणांनी घरी न जाता कागदाची रिळे वरच्या मजल्यावर चढवली. पुण्याहून आलेल्या मसुद्यात त्याच जागी ‘आपल्या अथक परिश्रमांमुळे कंपनीने नवी उंची गाठली’ असे होते. ते काढून आम्ही लिहिले, त्याचा मराठी आशय असा:

‘जूनच्या पुरात दुसऱ्या पाळीतील सहकाऱ्यांनी रात्रभर थांबून कागद वाचवला, आणि त्यामुळे त्या महिन्यातील एकही मागणी परत गेली नाही. त्या रात्री घरी वाट पाहणाऱ्या आपल्या कुटुंबीयांचेही आम्ही ऋणी आहोत.’

दुसरे वाक्य कारखान्यातील एका ज्येष्ठ पर्यवेक्षिकेने सुचवले. पत्र घरी वाचले जाते, म्हणून घरच्यांचा उल्लेख हवा, असे तिचे म्हणणे होते. येथे एक पथ्य आहे. व्यक्तीचे नाव घालू नये, पाळीचे किंवा विभागाचे नाव घालावे. अठरांपैकी तिघांची नावे आली, की उरलेले पंधराजण ती सुट्टीभर मोजत बसतात.

शेवटचे वाक्य असे: ‘ओबटत् ओबे पवुले सॅमटत् सामय, सतुट, सौभाग्यय पिरि सुभ अलुत् अवुरुद्दक् वेवायि पतमु’. अर्थ: आपणांस आणि आपल्या कुटुंबातील सर्वांस शांती, आनंद व भरभराटीने भरलेले शुभ नववर्ष लाभो, अशी आम्ही इच्छा करतो. त्याखाली सही, आणि सही शाईची. छापलेली सही मी टाळतो. आमच्या प्रमुखांनी एका बैठकीत १४० सह्या केल्या, त्याला पाऊण तास लागला.

पत्रात काय नसावे, हेही तितकेच ठरवून ठेवावे लागते. बोनसची रक्कम, रुजू होण्याची तारीख, गैरहजेरीचे नियम, पुढील वर्षाचे उत्पादनाचे लक्ष्य, यांतले काहीही शुभेच्छेच्या कागदावर येऊ देऊ नये. त्यासाठी वेगळी नोटीस काढावी. आणि वर्ष वाईट गेले असेल तर भरभराटीचे शब्द हलके करावेत. एप्रिल २०२२ मध्ये देशात इंधनाच्या आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या रांगा होत्या, वीज तासन्‌तास जात होती, आणि नव्या वर्षाची चूल अनेकांनी लाकडावर पेटवली. अशा वेळी ‘सौभाग्यय पिरि’ हे शब्द टोमण्यासारखे वाचले जाऊ शकतात. ते गाळून ‘निदुक् निरोगी’, म्हणजे दुःखाविना आणि रोगाविना, एवढेच मागावे, आणि कंपनी काय करणार आहे ते एका साध्या वाक्यात सांगावे. ज्याच्या घरी त्या वर्षात कोणी गेले असेल, त्याला छापील पत्रासोबत हाताने लिहिलेल्या दोन ओळी द्याव्यात.

छपाई: न दिसणारे अक्षर

मजकूर पक्का झाल्यावर सगळे संपले असे वाटते, पण आमची पत्रे दोनदा छापखान्यात बिघडली. सिंहल लिपीत ‘श्री’, ‘प्रार्थना’, ‘सौभाग्यय’ अशा शब्दांतील जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी मध्ये एक न दिसणारे चिन्ह लागते. युनिकोडमध्ये ते `U+200D` आहे. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना काही सॉफ्टवेअर हे चिन्ह काढून टाकते. मग ‘श्री लंका’मधील ‘श्री’ फुटते: आधी हलन्त चिन्ह असलेला ‘श्’ आणि शेजारी सुटा ‘री’. तपासण्याची सोपी खूण म्हणजे देशाचे नावच. पहिल्या प्रुफात ‘श्री’तला ‘र’ तळाशी जोडलेला दिसला, तर बाकी जोडाक्षरेही बहुधा ठीक असतात. तुटले असेल, तर मूळ फाइल पुन्हा मागवावी. हाताने दुरुस्त करत बसू नये.

दुसरा घोटाळा जुन्या फॉन्टांचा असतो. येथील अनेक छापखाने अजून `FM Abhaya` सारखे युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. त्यातील मजकूर ईमेलमध्ये चिकटवला, की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. छापील पत्र आणि ईमेल या दोन्हींसाठी एकच मजकूर हवा असेल, तर तो सुरुवातीपासून `Iskoola Pota` किंवा `Noto Sans Sinhala` सारख्या युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करावा आणि छापखान्याला पीडीएफ द्यावी.

चित्राबाबत थोडक्यात. दिवाळीच्या पणत्या, गुढी आणि फटाके नकोत. नारळाच्या तेलाचा उभा दिवा, नारळाचे फुल खोचलेला ‘पुन् कलस’ हा पूर्णकुंभ, किंवा चुलीवर उतू जाणारे दुधाचे मातीचे भांडे, यांतले एक चित्र घ्यावे. उतू जाणारे दूध मराठी घरांत रथसप्तमीमुळे परिचित आहे, आणि त्याचा अर्थही तोच, समृद्धीचा. चित्र एकच असावे, आणि कंपनीचे चिन्ह त्याच्यापेक्षा लहान.

वाचून घेणे आणि देणे

छापण्यापूर्वी पत्र तिघांकडून मोठ्याने वाचून घ्यावे: एक सिंहल कार्यालयीन सहकारी, एक यंत्रावर काम करणारा, आणि तमिळ मजकुरासाठी एक तमिळ. त्यांना मत विचारू नये, कारण वरिष्ठाने विचारले की सगळे ‘होंदयि’, म्हणजे ‘चांगले आहे’, असेच म्हणतात. फक्त वाचायला सांगावे आणि आपण ऐकावे. वाचणारा जेथे अडखळतो किंवा वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेता येत नाही म्हणून परत मागे जातो, तेथे मराठी किंवा इंग्रजी वाक्य खाली दडलेले असते. आमच्या पुराच्या वाक्यात यंत्रचालक ‘मागणी परत गेली नाही’ येथे थांबला होता, कारण शब्दशः भाषांतरात माल ग्राहकाकडून परत आला असा अर्थ निघत होता. ते बदलून ‘सर्व माल वेळेवर गेला’ असे केले.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बहुतेक कंपन्यांत दिवा लावतात, मेजावर किरिबत, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, कॅवुम् आणि कोकिस् हे तळलेले पदार्थ आणि केळी मांडतात, आणि प्रमुख विड्याच्या पानावर थोडे पैसे ठेवून देवघेव करतात. त्या वेळी हेच पत्र वाचून दाखवण्याचा मोह होतो. ग्रांथिक ‘पतमु’ कानाला कोरडे लागते, म्हणून बोलण्यासाठी दीड मिनिटाचा वेगळा, बोलीतला मजकूर ठेवावा. रमजान त्या दिवसांत आला असेल, जसा तो २०२२ आणि २०२३ मध्ये आला होता, तर मुस्लिम सहकाऱ्यांचे खाद्यपदार्थ आधीच बांधून त्यांच्या नावाने बाजूला ठेवावेत. दिव्याची पहिली वात प्रमुखाने लावली, तर दुसरी आमच्याकडे सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला देतात, आणि तिसरी त्या वर्षी नव्याने आलेल्याला.